पांथरी मोठी, यकृताचे अहवाल नॉर्मल आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठची नऊ वर्षे : हा गोगलगायीतून येणारा जंत असू शकेल का?

सातपूरकर
माझा धाकटा भाऊ, वय त्रेचाळीस, टांझानियातील म्वांझा या शहरात शेतीच्या पंपांच्या उभारणीचे काम करत होता आणि 2018 मध्ये कायमचा नाशिकला परत आला. गेल्या आषाढात त्याला अचानक रक्ताची मोठी उलटी झाली. दवाखान्यात एंडोस्कोपी केल्यावर अन्ननलिकेच्या खालच्या भागातील शिरा फुगलेल्या आढळल्या आणि त्यातील फुटलेल्या शिरेला रबरी बँड लावून रक्तस्राव थांबवण्यात आला. सोनोग्राफीत पांथरी अठरा सेंटिमीटरपर्यंत वाढलेली आहे. प्लेटलेट बासष्ट हजार आहेत. परंतु एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन हे सगळे अगदी व्यवस्थित आहे. तो दारू पीत नाही आणि काविळीच्या बी व सी या दोन्ही विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह आहेत. डॉक्टरांनी 'नॉन-सिऱ्हॉटिक पोर्टल फायब्रोसिस' असे निदान लिहिले आहे आणि कारण सांगता येत नाही असे स्पष्ट केले आहे.

म्वांझाला असताना सरोवरातून पाणी उचलणाऱ्या नळाच्या तोंडाची जाळी शेवाळाने आणि लव्हाळ्याने तुंबत असे व ती साफ करण्यासाठी तो कमरेइतक्या पाण्यात उतरत असे. तेथील लोक त्या पाण्यातून होणाऱ्या बिल्हार्झियाविषयी बोलत असत, असे त्याला आता आठवते. शौच तपासणी येथे दोनदा झाली आणि दोन्ही वेळा काही सापडले नाही. एवढ्यावरून तो आजार नाही असे समजावे का, हा माझा प्रश्न आहे.

रेवती_पंचवटी
दादा, आमच्या घरात हा आजार होऊन गेला आहे, म्हणून लिहिते. माझे यजमान मलावी सरोवराच्या काठी, केप मॅक्लियरला, सुट्टीत पोहले होते. परत आल्यानंतर काही महिन्यांनी लघवीच्या शेवटी शेवटी रक्त दिसू लागले. बरेच दिवस मूत्रमार्गाचा संसर्ग समजून अँटिबायोटिक चालू होते आणि प्रत्येक कोर्सनंतर रक्त पुन्हा दिसत होते. शेवटी एका वयस्कर पॅथॉलॉजिस्टनी 'आफ्रिकेत गेला होतात का' असे विचारले आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यानची लघवी मागितली. त्या एका नमुन्यात टोकाला काटा असलेली अंडी दिसली. तुम्हीही भावाची दुपारची लघवी तपासून घ्या, दोन दिवसांत उलगडा होईल.

इगतपुरीचा शेतकरी
यासाठी आफ्रिकेत जाण्याची गरज नाही, असे मला वाटते. आमच्याकडे भात लावणीच्या दिवसांत गुडघ्यापर्यंत चिखलात उभे राहिले की पायांना बारीक पुरळ उठते आणि रात्रभर खाज सुटते. कृषी विद्यापीठाच्या एका शिबिरात आम्हाला सांगण्यात आले होते की खाचरातील चपट्या तपकिरी गोगलगायींतून सुटणाऱ्या अळ्या कातडीत शिरतात, म्हणून हे होते. आमच्या गावात पूर्वी बैलांच्या नाकात गाठी येऊन ते मोठ्याने घोरत असत, तोही याच गोगलगायीचा आजार. म्हणजे जंत येथे आहे आणि गोगलगायही येथे आहे. गंगापूर धरणाच्या फुगवट्यात पोहणाऱ्या आपल्या मुलांच्या यकृतावरही मग असाच परिणाम होत असणार.

जुना_प्राध्यापक
मी वैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्र शिकवत असे. आता कॉलेज रोडला राहतो. तिन्ही प्रतिसाद वाचले. मूळ प्रश्न अडला आहे तो अंड्यांपाशी, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

म्वांझाच्या किनाऱ्यावर बिल्हार्झिया करणारा जो जंत आढळतो तो शिस्टोसोमा मॅन्सोनी होय. त्याची गोगलगाय बायोम्फलारिया, आणि ती लव्हाळ्यात, शेवाळात, उथळ संथ पाण्यात राहते, म्हणजे नेमकी आपले बंधू ज्या जागी जाळी साफ करत होते त्या जागी. गोगलगायीच्या शरीरात चार ते सहा आठवडे वाढून अळ्या बाहेर पडतात आणि हे बाहेर पडणे भर उन्हात, दुपारच्या सुमारास, सर्वाधिक असते. शेपटीला दोन फाटे असलेली ही अळी मिलिमीटरहूनही लहान असते. माणसाची त्वचा मिळाली की ती काही मिनिटांत आत शिरते, शेपटी बाहेर टाकून देते, रक्तातून फुप्फुसांत आणि तेथून यकृताच्या शिरेत पोचते. तेथे नर व मादी जोडीने वाढतात आणि मग आतड्याच्या शिरांमध्ये जाऊन स्थिरावतात. एवढे होईपर्यंत पाच-सहा आठवडे जातात.

या जोडीमुळे माणसाचे फारसे बिघडत नाही. जंत रक्तात वर्षानुवर्षे राहतो आणि शरीराला त्याची दखलही नसते, कारण तो स्वतःभोवती आपल्याच रक्तातील पदार्थांचे आवरण घेऊन वावरतो. बिघडवतात ती अंडी. एक मादी रोज सुमारे तीनशे अंडी घालते. त्यांतील साधारण निम्मी आतड्याच्या भिंतीतून वाट काढून शौचावाटे बाहेर पडतात, आणि ती वाटसुद्धा शरीराच्या दाहामुळेच तयार होते : अंड्यातून झिरपणाऱ्या द्रवाविरुद्ध पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्या गर्दीतच अंडे हळूहळू आतड्याच्या पोकळीकडे सरकते. ज्यांची प्रतिकारशक्ती एचआयव्हीमुळे खालावली आहे अशा रुग्णांच्या शौचात अंडी कमी दिसतात, ती याचमुळे.

उरलेली निम्मी अंडी रक्ताच्या प्रवाहाबरोबर यकृताकडे वाहत जातात. अंड्याची लांबी सुमारे एकशे चाळीस मायक्रॉन असते आणि यकृतातील सर्वांत बारीक रक्तवाहिन्या दहा मायक्रॉनच्या आसपास असतात. अंडे त्यांत शिरू शकत नाही, म्हणून ते अलीकडेच, आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेच्या शेवटच्या फांद्यांत अडकते. त्यातील जीव दोन-तीन आठवड्यांत मरतो, परंतु त्याभोवती जमलेल्या पेशींची गाठ राहते आणि गाठीच्या जागी तंतूंचा व्रण राहतो. रोज दीडशे अंडी आणि अशा जोड्या अनेक, असे पाच ते पंधरा वर्षे चालले म्हणजे पोर्टल शिरेच्या फांद्यांभोवती पांढऱ्या तंतूंची जाड नळी तयार होते. शवविच्छेदनात कापलेल्या यकृतावर ही नळी मातीच्या चिलमीच्या दांड्यासारखी दिसते, म्हणून जुन्या पुस्तकांत तिचे नाव तसेच आहे.

आता अहवाल पुन्हा पाहा. अडथळा यकृताच्या पेशींच्या अलीकडे आहे. पेशींना धमनीचे रक्त मिळत राहते, म्हणून एसजीपीटी आणि अल्ब्युमिन बिघडत नाही. मात्र आतड्याकडून येणारे रक्त तुंबते, पांथरी फुगते, फुगलेली पांथरी प्लेटलेट अडकवून ठेवते आणि तुंबलेले रक्त अन्ननलिकेच्या शिरांवाटे पर्यायी वाट शोधते. आपण सांगितलेले चित्र याच्याशी तंतोतंत जुळते.

सिडको_एमडी
प्राध्यापक सरांच्या विवेचनाबद्दल आदर ठेवून एक मुद्दा मांडतो, कारण मी असे रुग्ण पाहतो. हे चित्र जुळते ते नॉन-सिऱ्हॉटिक पोर्टल फायब्रोसिसशीही तितकेच जुळते. तो आजार भारतात नवा नाही. तरुण ते मध्यम वयाचा रुग्ण, मोठी पांथरी, उत्तम यकृत कार्य आणि रक्ताची उलटी हे त्याचेही वर्णन आहे, आणि त्या रुग्णांनी आफ्रिका कधी पाहिलेलीही नसते. सोनोग्राफीत पोर्टल शिरेभोवतीचा जाडपणा दोन्हींत दिसू शकतो. त्यामुळे म्वांझाचा इतिहास आहे एवढ्यावरून आधीच्या डॉक्टरांचे निदान चुकले असे म्हणणे घाईचे होईल. हे दोन्ही एकाच माणसात असणेही अशक्य नाही.

जुना_प्राध्यापक
हे मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच की या रुग्णात 'कारण अज्ञात' असे लिहिण्यापूर्वी जे एक ज्ञात कारण शक्य आहे त्याचा शोध पुरता घ्यायला हवा आणि दोन शौच तपासण्या म्हणजे पुरता शोध नव्हे. याचा हिशेब करून पाहता येतो.

समजा शरीरात जंतांची एकच जोडी उरली आहे. रोज सुमारे दीडशे अंडी शौचात येतात. शौच साधारण दोनशे ग्रॅम धरले तर एका ग्रॅममध्ये एक अंडेसुद्धा पडत नाही, पाऊण पडते. आफ्रिकेत सर्वेक्षणासाठी काटो-कात्झ ही पद्धत वापरतात, तिच्यात एका काचेवर एक्केचाळीस मिलिग्रॅम शौच, म्हणजे ग्रॅमचा चोविसावा भाग घेतात. म्हणजे सरासरी बत्तीस काचा तपासल्या तर एका काचेवर एक अंडे सापडेल. दहा जोड्या असल्या तरी तीन काचांमागे एक. आपल्याकडील नेहमीच्या तपासणीत काचेवर घेतलेला कण त्याहून कितीतरी लहान असतो, साधारण दोन मिलिग्रॅम. शिवाय जुन्या आजारात जंत थोडे उरतात आणि जे उरतात त्यांची अंडी आतड्याच्या व्रणातून बाहेर पडणे अवघड होत जाते. अशा वेळी निगेटिव्ह अहवालावरून आपल्याला जवळजवळ काहीच कळत नाही.

रेवतीताई, तुमच्या यजमानांना झाला तो शिस्टोसोमा हीमॅटोबियम, त्याचे जंत मूत्राशयाच्या शिरांत राहतात आणि दुपारच्या लघवीत अंडी अधिक येतात, म्हणून तुमच्या पॅथॉलॉजिस्टांनी वेळ नेमकी सांगितली. सातपूरकरांच्या भावाच्या बाबतीत लघवीत अंडी पाहून उपयोग होणार नाही. यजमानांची मूत्राशयाची सोनोग्राफी उपचारानंतर पुन्हा झाली होती का? मूत्राशयाच्या भिंतीतही अंडी राहून जातात आणि मूत्रवाहिनी आवळली जाऊन मूत्रपिंड फुगणे हा प्रकार कोणतीही वेदना न होता घडतो.

रेवती_पंचवटी
सोनोग्राफी तेव्हा झाली होती, नंतर नाही. रक्त थांबले म्हणजे संपले असे आम्ही धरून चाललो होतो. या आठवड्यात करून घेतो.

गोदाकाठ
मलाही एक विचारायचे आहे. आम्ही पुढच्या महिन्यात युगांडाला जात आहोत. पाणी उकळून प्यायले म्हणजे पुरे ना? आणि पोहून आल्यावर टॉवेलने जोरात अंग पुसले तर अळ्या निघून जातात, असे एका प्रवासी गटात सांगितले गेले.

जुना_प्राध्यापक
पिण्याच्या पाण्याने इतर अनेक आजार होतात, परंतु हा प्रामुख्याने त्वचेतून होतो. त्यामुळे उकळलेले पाणी पिऊन सरोवरात पाय सोडून बसलात तर काहीच साधत नाही. टॉवेलचा उपाय, कोणी पाण्यात पडलेच तर करावा, कारण काही अळ्या अजून त्वचेवर असतील तर त्या पुसल्या जातात, पण त्यावर विसंबून पोहू नये. आंघोळीचे पाणी सरोवरातून येत असेल तर ते टाकीत दोन दिवस साठवून मग वापरावे. अळीला दोन दिवसांत माणूस मिळाला नाही तर ती मरते, मात्र टाकीत गोगलगाय असता कामा नये.

इगतपुरीच्या मित्रांनी सांगितलेली खाजेची आणि बैलांची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. त्या चपट्या तपकिरी गोगलगायीचे नाव इंडोप्लॅनॉर्बिस एक्सुस्टस असे आहे आणि तिच्यातून गुरांचे शिस्टोसोमा सुटतात. बैलाच्या नाकात गाठी करणारा जंत त्यांतलाच. या अळ्या माणसाच्या त्वचेत शिरतात, पण माणसाच्या शरीरात त्यांची वाढ होत नसल्याने तेथेच मरतात. मेलेल्या अळीविरुद्ध शरीराने केलेला विरोध म्हणजे ती खाज. जंत रक्तात पोचत नाही, मोठा होत नाही, अंडी घालत नाही, आणि अंडी नाहीत म्हणजे यकृताला धोकाही नाही. उलट माणसाच्या शिस्टोसोमाची अळी शिरताना बहुतेकांना थोडी खाज येते किंवा काहीच कळत नाही. गंगापूर धरणात पोहणाऱ्या मुलांच्या पालकांनी या आजारासाठी तपासण्या करत बसू नये.

इगतपुरीचा शेतकरी
सर, मग भारतात हा माणसाचा आजार कधीच झाला नाही असे समजायचे का? रत्नागिरीकडे कुठेतरी झाला होता असे मी वाचले आहे.

जुना_प्राध्यापक
आपण वाचले ते बरोबर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात कधी बाहेर न गेलेल्या लोकांच्या लघवीत टोकाला काटा असलेली अंडी सापडल्याचे गाडगीळ आणि शाह यांनी 1952 मध्ये प्रसिद्ध केले. आफ्रिकेत या प्रकाराला लागणारी ब्युलिनस गोगलगाय तेथे नव्हती. फेरिसिया टेनुइस या टोपीसारख्या कवचाच्या लहानशा गोगलगायीतून तो पसरला असावा असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर तेव्हापासून मतभेद आहेत. काहींना ही गोगलगाय पुरावा म्हणून पुरेशी वाटत नाही, काहींना वाटते. मी स्वतः ते प्रकरण खरे मानतो, कारण रुग्ण खरे होते, मात्र मार्ग नेमका कोणता होता हे सिद्ध झाले असे म्हणण्याचे धाडस करणार नाही.

सातपूरकर
सर, आता पुढे काय करावे? आफ्रिकेतील रुग्णांसाठीची अँटिबॉडी तपासणी मागवता येईल असे एका प्रयोगशाळेने कळवले आहे.

जुना_प्राध्यापक
ती जरूर करावी, परंतु तिचा अर्थ आधी समजून घ्यावा. पॉझिटिव्ह आली तर संसर्ग केव्हातरी झाला होता एवढेच कळेल, कारण अँटिबॉडी उपचारानंतरही अनेक वर्षे राहतात. जंत आज जिवंत आहेत का, हे तिच्यातून कळत नाही.

याहून सोपा मार्ग नाशिकमध्ये उपलब्ध आहे. गुदाशयाच्या आतील त्वचेचे तीन-चार बारीक तुकडे प्रॉक्टोस्कोपमधून घेतात. त्यांतील किमान दोन फॉर्मॅलिनमध्ये न टाकता, ओलेच, दोन काचांमध्ये दाबून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. पातळ काप काढले तर अंड्याचा जेमतेम एखादा छेद मिळतो आणि ओळखणे अवघड जाते, दाबलेल्या तुकड्यात अखंड अंडे दिसते आणि त्याच्या बाजूचा मोठा काटा नजरेतून सुटत नाही. पॅथॉलॉजिस्टना हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर सवयीने सगळे तुकडे बाटलीत जातात. प्लेटलेट कमी असल्याने तुकडे घेण्याचा निर्णय मात्र त्यांच्या डॉक्टरांनी घ्यावा.

सिडको_एमडी
प्लेटलेट पन्नास हजारांच्या वर असतील तर इतके वरवरचे तुकडे सहसा घेता येतात. आणखी एक सूचना : औषध सुरू करण्यापूर्वी रुग्णाला कधी आकडी आली होती का, हे विचारावे. या जंतावरचे औषध प्राझिक्वान्टेल मेंदूतील फितकृमीच्या गाठींवरही काम करते आणि अशी गाठ नकळत असेल तर औषधानंतर सूज येऊन आकडी येऊ शकते. आपल्या भागात ही शक्यता आफ्रिकेतील डॉक्टरांपेक्षा आपल्याला अधिक लक्षात ठेवावी लागते.

सातपूरकर
आपल्या सर्वांच्या सांगण्यावरून तपासणी झाली. गुदाशयाच्या दाबलेल्या दोन तुकड्यांत मिळून सात अंडी सापडली. बाजूला काटा स्पष्ट आहे. पॅथॉलॉजिस्टनी लिहिले आहे की सर्व अंडी काळी पडलेली, चुना साचलेली म्हणजे मेलेली आहेत. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहे. आकडीचा इतिहास नाही, मेंदूचा एमआरआय स्वच्छ आहे. वजन साठ किलो असल्याने किलोला चाळीस मिलिग्रॅमप्रमाणे चोवीसशे मिलिग्रॅम, म्हणजे सहाशेच्या चार गोळ्या, एकाच दिवशी जेवणानंतर दोन भागांत दिल्या. गोळी फार कडू आहे आणि त्याला दिवसभर मळमळले, बाकी त्रास झाला नाही.

आता घरात दोन प्रश्न आहेत. सर्व अंडी मेलेली होती, मग औषध व्यर्थ दिले का? आणि पांथरी आता उतरेल का?

जुना_प्राध्यापक
औषध व्यर्थ नाही. गुदाशयात सापडलेली मेलेली अंडी जुनी असतात आणि ती तेथे वर्षानुवर्षे राहतात. त्यावरून दुसऱ्या एखाद्या शिरेत जिवंत जोडी नाही असे म्हणता येत नाही. जंत सरासरी तीन ते पाच वर्षे जगतो, परंतु प्रदेश सोडल्यानंतर तीस वर्षांनीही जिवंत अंडी सापडलेले रुग्ण नोंदलेले आहेत. शंका शिल्लक असताना चार गोळ्या देणे योग्यच आहे. नुकत्याच पाण्यात उतरलेल्या माणसाला हे औषध सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागते, कारण लहान वयाच्या जंतांवर ते चालत नाही. आपल्या भावाचा शेवटचा संपर्क इतका जुना आहे की कोवळे जंत असण्याचा प्रश्नच नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तितकेसे सुखद नाही. औषध जंत मारते. अडकलेली अंडी ते विरघळवत नाही आणि झालेला तंतूंचा व्रणही काढत नाही. मुलांमध्ये व्रण बराच ओसरतो, चाळिशीनंतर थोडा. म्हणून फुगलेल्या शिरांची एंडोस्कोपी ठरलेल्या अंतराने होत राहिली पाहिजे आणि त्या शिरांतील दाब कमी करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. यापुढे नवी अंडी पडणार नाहीत, हा या उपचाराचा खरा लाभ आहे.

सिडको_एमडी
माझा मूळ आक्षेप अजूनही कायम आहे, हे नोंदवतो. गुदाशयातील अंड्यांमुळे संसर्ग सिद्ध झाला, यकृतातील व्रण त्याचाच आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. ते यकृताचा तुकडा घेऊनच कळेल आणि सुईने घेतलेला तुकडा या आजारात व्रणाची जागा चुकवू शकतो. प्लेटलेट पाहता मी तो घेणार नाही. कारण कोणतेही असले तरी शिरांवरचा उपचार तोच आहे.

सातपूरकर
एक शेवटचे विचारतो. माझा पुतण्या तेथे असताना चार ते दहा वर्षांचा होता आणि दर रविवारी मुले त्या किनाऱ्यावर खेळत. तो आता सतरा वर्षांचा आहे, क्रिकेट खेळतो, त्याला काहीही होत नाही. वहिनींना वाटते की निरोगी मुलाला विनाकारण सुया टोचू नयेत.

जुना_प्राध्यापक
त्याची अँटिबॉडी तपासणी, रक्तातील इओसिनोफिल आणि पोटाची एक सोनोग्राफी करून घ्यावी. भावालाही उलटी होईपर्यंत काहीच होत नव्हते. मुलाने आजवर हे औषध घेतलेले नसेल आणि अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, तर अंडी सापडोत वा न सापडोत, त्याला वजनाप्रमाणे औषध द्यावे असे मी त्याच्या डॉक्टरांना सुचवीन. व्रण तयार झालाच असला तरी या वयात तो ओसरण्याची शक्यता वडिलांपेक्षा कितीतरी अधिक आहे. म्वांझाला भावाबरोबर पाण्यात उतरणारे इतर मराठी कामगार कोणी परत आले असतील, तर त्यांनाही फोन करावा.

सातपूरकर
जळगावचे दोघे आणि सिन्नरचा एक असे तिघे आहेत. सिन्नरच्याचा क्रमांक मिळाला आहे, त्याला आज संध्याकाळी फोन करतो. पुतण्याचे रक्त सोमवारी देत आहोत.